संकल्पना, आकृती आणि उदाहरण फिरवत पेपरची तयारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्राच्या पेपरसाठी 'थिअरी, आकृती आणि गणित आलटून पालटून करा' असं मी सांगतो, आणि मग ठरलेले प्रश्न येऊ लागतात. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. शक्यतो एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरलं आहे: मागणीची किंमत लवचिकता. ते नीट कळलं की बाकीच्या घटकांना तीच रीत लावता येते. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी प्रश्न १ वाचून थेट प्रश्न ७ वर गेलं तरी चालेल.

१. 'फिरवून अभ्यास' म्हणजे नक्की काय? मी सोमवारी थिअरी, मंगळवारी आकृत्या आणि बुधवारी गणितं करतो. हेच ना?

नाही. तुम्ही करताय ते वेळापत्रक झालं. सोमवारी लवचिकतेची व्याख्या, मंगळवारी पाच धड्यांच्या आकृत्या आणि बुधवारी भलत्याच धड्याची गणितं, असं केलं तर तीन गोष्टी तीन कप्प्यांत जातात आणि एकमेकींना भेटतच नाहीत.

फिरवणं म्हणजे एकच मुद्दा एकाच बैठकीत तिन्ही रूपांतून नेणं. आधी स्वतःच्या शब्दांत एक विधान लिहायचं. मग पुस्तक मिटून त्याच विधानाची आकृती काढायची. मग त्याच आकृतीवरच्या बिंदूंचे आकडे घेऊन गणित करायचं आणि उत्तर विधानाशी जुळतं का ते पाहायचं. त्यानंतर दुसरा मुद्दा, आणि थोड्या वेळाने पहिल्याकडे परत. परतताना सुरुवात वेगळ्या रूपातून करायची: मागच्या वेळी विधानापासून केली असेल तर आता आकड्यांपासून.

यात खरं काम रूप बदलताना होतं. व्याख्या येणं आणि गणित येणं यांच्यामध्ये एक सांधा असतो, आणि पेपरमध्ये गुण जातात ते बहुतेक त्या सांध्यावर.

२. एकाच प्रकारची वीस गणितं सलग सोडवली की हात बसतो. मग मध्ये आकृती कशाला घुसवायची?

हात बसतो, हे खरं. पण विसाव्या गणितापर्यंत तुम्ही एक गोष्ट करणं थांबवलेलं असतं: कोणतं सूत्र लावायचं ते ठरवणं. पानाच्या वर 'टक्केवारी पद्धत' असं छापलेलं असतं, त्यामुळे निवड आधीच झालेली असते. पेपरमध्ये वर काहीच छापलेलं नसतं.

डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे सांगण्यासारखा आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार अनोळखी घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. काहींनी एकेका आकृतीची गणितं सलग सोडवली, तर काहींनी चारही मिसळून. सरावाच्या वेळी सलगवाल्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली आणि मिसळवाल्यांची ६०. आठवड्याने चाचणी घेतली तेव्हा सलगवाले २० टक्क्यांवर आले आणि मिसळवाले ६३ टक्क्यांवर राहिले.

हा प्रयोग घनफळाचा होता, लवचिकतेचा नव्हे. शिवाय त्यात गणितांचे प्रकार मिसळले होते, आकृती आणि विधान नव्हे. म्हणून हेच आकडे तुमच्या पेपरला लागू होतील असं मी म्हणत नाही. पण सराव गुळगुळीत झाला म्हणजे तयारी झाली हा समज किती फसवा असू शकतो, ते त्यातून दिसतं. याच कारणाने येणारी निराशा प्रश्न ८ मध्ये आहे.

३. एक पूर्ण फेरी करून दाखवा ना. नुसतं सांगून कळत नाही.

मागणीचं एक साधं समीकरण घेऊ:

मागणी = १०० − २ × किंमत

*विधान.* पुस्तक मिटा आणि लिहा: 'किंमत बदलल्यावर मागणी ज्या प्रमाणात बदलते, त्या प्रमाणाला किंमत लवचिकता म्हणतात.' यातल्या 'प्रमाणात' या शब्दाखाली रेघ मारा. लवचिकता दोन शेकडेवारींचं गुणोत्तर आहे, दोन नगांचं नव्हे. ही रेघ पुढे उपयोगी पडणार आहे.

*आकृती.* उभ्या अक्षावर किंमत, आडव्या अक्षावर मागणी. किंमत ५० असेल तर मागणी शून्य, किंमत शून्य असेल तर मागणी १००. हे दोन बिंदू जोडले की सरळ रेषा मिळते. तिच्यावर तीन बिंदू घ्या: किंमत ४० ला मागणी २०, किंमत २५ ला मागणी ५०, किंमत १० ला मागणी ८०. त्यांना वरून खाली क, ख, ग म्हणू.

आता गणित करण्याआधी आकृतीवरूनच उत्तर सांगा. भूमिती पद्धतीत एखाद्या बिंदूवरची लवचिकता म्हणजे रेषेचा खालचा भाग भागिले वरचा भाग. 'क' बिंदू वरच्या टोकापासून किमतीत १० खाली आहे आणि तळापासून ४० वर. म्हणून ४० भागिले १०, म्हणजे ४. 'ख' बरोबर मध्यावर आहे, तिथे १. 'ग' पाशी १० भागिले ४०, म्हणजे ०.२५.

*उदाहरण.* आता हेच आकड्यांनी करा. किंमत १ ने वाढली की मागणी २ ने घटते. म्हणून लवचिकता = २ × किंमत ÷ मागणी (ऋण चिन्ह बाजूला ठेवून). 'क' पाशी २ × ४० ÷ २० = ४, 'ख' पाशी २ × २५ ÷ ५० = १, 'ग' पाशी २ × १० ÷ ८० = ०.२५. आकृतीने दिलेलीच उत्तरं.

*परत विधान.* इथे बहुतेक जण थांबतात, पण फेरी अजून पुरी झालेली नाही. तिन्ही बिंदूंवरचा एकूण खर्च काढा: ४० × २० = ८००, २५ × ५० = १२५०, १० × ८० = ८००. आता लिहा: 'क पासून किंमत कमी करत गेलं तर ख पर्यंत एकूण खर्च वाढतो, कारण तिथे मागणी लवचिक आहे. ख च्या खाली तो घटतो, कारण तिथे मागणी अलवचिक आहे.' शेकडेवारी, भूमिती आणि एकूण खर्च या तीन पद्धती पुस्तकात तीन वेगळ्या मथळ्यांखाली असतात. इथे त्या एकाच रेषेवर येतात.

पहिल्यांदा याला पाऊण तास लागेल. तिसऱ्यांदा दहा मिनिटं पुरतात.

४. दुसऱ्या फेरीत तेच पुन्हा करायचं का? कंटाळा येतो.

तेच केलं तर कंटाळा येईलच, आणि उत्तरंही पाठ झालेली असतील. दुसऱ्या फेरीत सुरुवात बदला आणि एक आकडा हलवा. समजा ग्राहकांचं उत्पन्न वाढलं आणि मागणी आता १२० − २ × किंमत झाली.

आकडे हातात आहेत, त्यांच्यापासूनच सुरू करा. किंमत ४० ला मागणी ४० होते, म्हणून लवचिकता २ × ४० ÷ ४० = २. आधी याच किमतीला ती ४ होती. आता आकृती: नवी रेषा जुनीला समांतर, पण उजवीकडे सरकलेली, उभ्या अक्षाला ६० वर छेदणारी. खालचा भाग ४०, वरचा २०, गुणोत्तर २. जुळलं.

आणि आता विधान, जे या फेरीत शेवटी येतं: 'मागणीत वृद्धी झाली, वक्र समांतर सरकला, उतार बदलला नाही, तरीही त्याच किमतीला लवचिकता निम्मी झाली.' हे वाक्य स्वतःच्या हाताने लिहिलं की उतार आणि लवचिकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे वेगळं पाठ करावं लागत नाही. शिवाय विस्तार–संकोच म्हणजे त्याच वक्रावर सरकणं आणि वृद्धी–ऱ्हास म्हणजे वक्रच सरकणं, ही उजळणीही होऊन जाते.

तिसरी फेरी आकृतीपासून: कागदावर नुसती एक रेषा आणि दोन बिंदू काढा, अक्षांवर आकडे घाला आणि दोन दिवसांनी त्यावरून समीकरण आणि विधान दोन्ही लिहा.

५. गणित बरोबर येतं, पण आकृती काढली की सगळं उलटं दिसतं. असं का?

बहुतेक वेळा कारण अक्षांत असतं. समीकरणात किंमत हे कारण आणि मागणी हा परिणाम. गणिताच्या सवयीप्रमाणे कारण आडव्या अक्षावर जायला हवं. पण अर्थशास्त्रात किंमत उभ्या अक्षावर घेतात. आल्फ्रेड मार्शल यांच्यापासून ही पद्धत रूढ झाली आणि ती आता बदलण्यातली नाही.

त्यामुळे समीकरणातला २ हा आकृतीत २ म्हणून दिसत नाही. आपल्या रेषेवर मागणी १०० ने वाढताना किंमत ५० ने उतरते, म्हणून कागदावरचा उतार ०.५ आहे. भूमितीच्या तासाला शिकलेला उतार सूत्रात घातला की २५ ला लवचिकता १ ऐवजी ०.२५ येते आणि मग विद्यार्थी आकृतीलाच दोष देतो.

चूक ओळखायची खूण सोपी आहे. सरळ रेषेच्या मध्यबिंदूवर उत्तर १ यायलाच हवं. येत नसेल तर उतार उलटा घेतलाय. मी स्वतः शिकत असताना ही चूक इतक्या वेळा केली की शेवटी प्रत्येक आकृतीच्या मध्यावर आधी एक टिंब काढायची सवयच लागली.

दुसरी फसवणूक मापाची. तीच रेषा आडव्या अक्षावर १ सेंमी = २० ऐवजी १ सेंमी = १० घेऊन काढून पाहा. रेषा एकदम सपाट दिसायला लागते. 'सपाट वक्र म्हणजे लवचिक मागणी' असं पाठ असेल तर तुम्ही आता वेगळं उत्तर द्याल, आणि मागणी तर तीच आहे. दोन वक्र एकाच मापावर, एकाच बिंदूतून जात असतील तरच सपाट-उभा ही तुलना चालते.

६. किंमत ४० वरून ३० केली तर लवचिकता ४ येते. ३० वरून ४० केली तर १.५. कोणतं उत्तर बरोबर?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. दोन्ही आकडेमोडी बरोबर आहेत. फरक पाया बदलल्याने पडतो.

४० वरून ३०: किंमत २५ टक्क्यांनी घटली, मागणी २० वरून ४० म्हणजे १०० टक्के वाढली. १०० ÷ २५ = ४. उलट जाताना किंमत ३० वर १० वाढली, म्हणजे ३३.३ टक्के, आणि मागणी ४० वरून २० म्हणजे ५० टक्के घटली. ५० ÷ ३३.३ = १.५.

आता आकृतीकडे वळा. ४० आणि ३० हे दोन वेगळे बिंदू आहेत. ४० ला बिंदू-लवचिकता ४ आहे आणि ३० ला २ × ३० ÷ ४० = १.५. म्हणजे सरळ रेषेवर शेकडेवारी पद्धत तुम्ही जिथून निघालात त्या बिंदूची लवचिकता सांगते. दोन उत्तरं भांडत नाहीत, ती दोन ठिकाणांबद्दल बोलतात. हे नुसत्या आकड्यांत दिसत नाही. रेषेवर बोट ठेवलं की दिसतं.

दोन्हीकडून एकच उत्तर हवं असेल तर सरासरी पाया घ्यायचा: मागणीतला बदल २० भागिले सरासरी मागणी ३०, आणि किमतीतला बदल १० भागिले सरासरी किंमत ३५. उत्तर २.३३. गंमत म्हणजे मधल्या बिंदूवर, किंमत ३५ आणि मागणी ३० ला, २ × ३५ ÷ ३० हेही २.३३ च येतं.

७. संख्याशास्त्रात काय फिरवायचं? तिथे तर सगळं गणितच आहे.

तिथे उलट जास्त गरज आहे, कारण सूत्रात आकडे भरले की उत्तर निघतंच, मग ते बरोबर असो वा चूक. आकृती ही तिथली तपासनीस. गटबद्ध सामग्रीचा मध्यक घेऊ:

वर्ग ०–१० मध्ये ५, १०–२० मध्ये ८, २०–३० मध्ये १५, ३०–४० मध्ये ८, ४०–५० मध्ये ४. एकूण ४०.

विधान: मध्यक म्हणजे असा आकडा ज्याच्या खाली निम्मी निरीक्षणं आहेत. निम्मी म्हणजे २०. संचित वारंवारता ५, १३, २८, ३६, ४०. विसावं निरीक्षण तिसऱ्या वर्गात आहे. सूत्राने २० + (२० − १३) ÷ १५ × १० = २४.६७.

आता संचित वारंवारता वक्र काढा. 'पेक्षा कमी' वक्राचे बिंदू वर्गाच्या वरच्या मर्यादेवर येतात: १० वर ५, २० वर १३, ३० वर २८. उभ्या अक्षावर २० पासून आडवी रेघ न्या, वक्राला लागली की खाली उतरा. सुमारे २४.७ दिसायला हवं.

समजा १९.७ दिसलं. तर नेमकं काय झालं तेही सांगता येतं: बिंदू वरच्या मर्यादेऐवजी वर्गमध्यावर मांडलेत, ५ वर ५, १५ वर १३, २५ वर २८. त्यामुळे सगळा वक्र वर्गांतराच्या निम्म्याने, म्हणजे ५ ने, डावीकडे सरकला. वारंवारता बहुभुज काढताना वर्गमध्य घेतात, तीच सवय इथे येते. दोन्ही आकृत्या वेगवेगळ्या दिवशी सलग केल्या तर ही सरमिसळ कळतच नाही. एकाच सामग्रीवर पाठोपाठ काढल्या की लगेच उघडी पडते.

एक अपवादही इथेच सांगतो. वर्ग ०–९, १०–१९, २०–२९ असे दिले असतील तर मध्यक वर्गाची खालची सीमा २० नसते, १९.५ असते. वारंवारता त्याच असतील तर मध्यक २४.१७ येतो. आकृती काढायला घेतल्यावर ९ आणि १० यांच्यामध्ये फट दिसते. सूत्रात ती फट दिसत नाही.

आणि सहसंबंध शिकत असाल तर फ्रान्सिस अँस्कोम्ब यांनी १९७३ मध्ये मांडलेले चार संच जरूर काढून पाहा. प्रत्येकात ११ बिंदू, चारही संचांत एका चलाचा मध्य ९ आणि दुसऱ्याचा सुमारे ७.५, सहसंबंध गुणांक सुमारे ०.८१६, रिग्रेशन रेषाही तीच. आलेख काढला तर एक साधा विखुरलेला, दुसरा कमानीसारखा, तिसरा सरळ रेषा पण एक बिंदू भरकटलेला, आणि चौथ्यात एक सोडून सगळे बिंदू एकाच उभ्या रेघेवर. चार वेगळ्या गोष्टी, गणित मात्र एक.

८. फिरवायला लागल्यापासून माझी उत्तरं जास्त चुकायला लागली आहेत. सोडून देऊ का?

पहिल्या आठवड्यात चुकणं अपेक्षित आहे (प्रश्न २ मधले ८९ आणि ६० आठवा). पण सगळ्याच चुका सारख्या नसतात, म्हणून त्या कुठल्या आहेत ते पाहा.

सूत्र चुकीचं निवडलं, बिंदू चुकीच्या जागी मांडला, उत्तराचा अर्थ उलटा लिहिला, या चुका सांध्यावरच्या आहेत. फिरवल्यामुळेच त्या दिसायला लागल्या, त्या कमी होत जातील. पण एकट्या रूपातही अडत असाल, म्हणजे शेकडेवारीच काढता येत नाही किंवा मध्यक वर्ग कुठला तेच समजत नाही, तर तुम्ही फार लवकर फिरवायला लागलात. प्रश्न १० पाहा.

९. कुठले घटक एकमेकांत मिसळायचे?

जे एकमेकांसारखे दिसतात ते. मागणीची लवचिकता आणि मागणी वक्राचा उतार. विस्तार आणि वृद्धी. सरासरी खर्च आणि सीमांत खर्च. मध्यक आणि बहुलक. प्रमाण विचलन आणि विचलन गुणांक. यांच्यात निवड करावी लागते, म्हणून मिसळण्याचा उपयोग होतो.

लवचिकतेनंतर लगेच राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याच्या पद्धती घेतल्या तर बदल म्हणून बरं वाटेल, पण त्या दोघांत कोणी गोंधळत नाही, त्यामुळे मिसळण्याचा खास फायदाही नाही.

एका बैठकीत दोन, फार तर तीन घटक. चौथा घेतला की कुठलाच पुरा फिरत नाही.

१०. धडा अजून नवीनच आहे. पहिल्या दिवसापासून फिरवायचं?

नाही. नवीन सूत्राची तीन-चार गणितं आधी सलगच करा, पुस्तक उघडं ठेवून. सूत्रातलं प्रत्येक अक्षर कशासाठी आहे ते न अडखळता सांगता आलं की मग फिरवायला घ्या. माझी कसोटी अशी: सोडवलेलं उदाहरण झाकून त्याची पहिली ओळ लिहिता येते का? येत असेल तर पुढे चला.

११. प्रत्येक वेळी पट्टी-पेन्सिल घेऊन आकृती काढायची का? वेळ फार जातो.

आकृतीचा हेतू पाहा. लवचिकतेची, मागणी-पुरवठ्याची, खर्चाच्या वक्रांची आकृती हाताने काढलेली चालते. फक्त अक्षांची नावं, छेदबिंदू आणि वक्रांची नावं सोडू नका, कारण गुण त्यांनाच असतात. जिथे आकृतीवरून उत्तर *वाचायचं* आहे, म्हणजे संचित वारंवारता वक्रावरून मध्यक किंवा आयतालेखावरून बहुलक, तिथे आलेख कागद आणि माप हवंच. आठवड्यातून एकदा तशी मापात काढली तरी हात राहतो.

सीमांत खर्चाचा वक्र सरासरी खर्चाच्या वक्राला त्याच्या सर्वांत खालच्या बिंदूवर छेदतो, हे मात्र हाताने काढतानाही पाळा. सरासरी वक्राच्या उतारावर कुठेतरी छेद दाखवला की परीक्षकाला पुढचं वाचावंसं वाटत नाही, आणि त्याचं म्हणणं बरोबर असतं.

१२. काही घटकांना आकृतीच नाही. पैशाची कार्यं किंवा निर्देशांकाच्या मर्यादा कशा फिरवू?

ओढूनताणून आकृती बनवू नका. पैशाच्या कार्यांना विधान आणि प्रसंग ही दोनच रूपं पुरतात. निर्देशांकांना मात्र विधान आणि गणित आहे, आणि तिथे मर्यादा गणितातूनच लिहिता येतात. एकाच सामग्रीवर लासपेअर आणि पाशे दोन्ही निर्देशांक काढा. उत्तरं वेगळी आली की भार आधार वर्षाचे घ्यायचे की चालू वर्षाचे, यावर निर्देशांक कसा अवलंबून असतो ते लिहायला दाखला मिळतो. पाठ केलेल्या मुद्द्यापेक्षा तो उत्तरपत्रिकेत उठून दिसतो.

१३. चुकांची वही कशी ठेवायची?

धड्यानुसार नको, सांध्यानुसार ठेवा. विधानाकडून आकृतीकडे जाताना चुकलं, आकृतीकडून गणिताकडे जाताना, की गणिताकडून विधानाकडे? तीन रकाने पुरतात. तारीख, घटक आणि एका ओळीत चूक: 'उतार उलटा घेतला', 'बिंदू वर्गमध्यावर'.

दोन आठवड्यांनी वही उघडली की बहुधा एकच रकाना भरलेला दिसतो. माझ्या अनुभवात तो शेवटचा असतो: उत्तर २.३३ आलं, त्याखाली रेघ मारली आणि 'म्हणून मागणी लवचिक आहे, किंमत घटवल्यास एकूण खर्च वाढेल' हे लिहिलंच नाही.

१४. पेपर तीन दिवसांवर आहे. आता फिरवायला सुरुवात करून उपयोग आहे का?

पूर्ण फेऱ्या आता जमणार नाहीत. मागच्या प्रश्नपत्रिका घ्या आणि प्रत्येक प्रश्न ज्या रूपात विचारलाय त्याच्या शेजारच्या रूपात फक्त दोन मिनिटं द्या. गणित विचारलं असेल तर शेजारी छोटी आकृती. आकृती विचारली असेल तर तिच्यावरचे दोन बिंदू आकड्यांत. जिथे अडलात तेवढंच पुस्तकात पाहा. नवीन धडा या तीन दिवसांत उघडू नका.

१५. एकूण खर्च कायम राहतो, म्हणजे लवचिकता १ असायला हवी. पण शेकडेवारी पद्धतीने ०.७५ येते. सूत्र चुकलं की प्रश्न?

दोन्ही नाही. हा प्रश्न ६ चाच भाऊ आहे, पण आकृती वेगळी असल्याने जास्त गोंधळात टाकतो.

समजा किंमत ३० ला मागणी ४० आणि किंमत ४० ला मागणी ३०. दोन्हीकडे एकूण खर्च १२००. किंमत ३३.३ टक्के वाढली, मागणी २५ टक्के घटली, म्हणून ०.७५. उलट गेलात तर १.३३.

आकृतीत हे बिंदू सरळ रेषेने जोडू नका. किमतीत २० ला ६०, ३० ला ४०, ४० ला ३०, ६० ला २० असे बिंदू मांडले की आत वळलेला वक्र दिसतो, ज्याच्याखालचा प्रत्येक आयत १२०० क्षेत्रफळाचा आहे. या वक्रावर प्रत्येक बिंदूवर लवचिकता १ च आहे. पण शेकडेवारी पद्धत दोन बिंदूंमधल्या सरळ जिवेवरून मोजते, वक्रावरून नाही, आणि १० चा बदल इथे लहान नाही. बदल लहान करत गेलात, ३० वरून ३०.३ वगैरे, तर उत्तर १ च्या जवळ सरकतं. सरासरी पाया घेतला तर १० ÷ ३५ भागिले १० ÷ ३५, म्हणजे नेमकं १.

पेपरमध्ये जी पद्धत विचारली आहे तीच वापरा आणि तिचं नाव उत्तराच्या पहिल्या ओळीत लिहा. पद्धत सांगितली नसेल आणि बदल मोठा असेल तर सरासरी पाया घ्या, आणि शेजारी एकूण खर्चाची एक ओळ टाका: ३० × ४० = ४० × ३०.